गावाला जाताना कुंड्या शेजारच्या काकूंवर सोपवताय? फोटोंसकट पाण्याची चिठ्ठी अशी लिहा

मे महिन्यात किल्ली शेजारच्या काकूंकडे देताना आपण सांगतो, "झाडांना जरा पाणी घालाल ना?" काकू हो म्हणतात आणि मनापासून घालतातही. परत येऊन बघावं तर मोगऱ्याच्या कळ्या गळलेल्या, पानांच्या कडा करपलेल्या. आणि घरातला स्नेक प्लांट बुडाशी मऊ पडून एका बाजूला कललेला. दोघांनाही रोज अर्धा मग पाणी मिळालेलं असतं. मोगऱ्याला ते पुरलं नाही, स्नेक प्लांटला सोसलं नाही.

यात काकूंचा काहीच दोष नाही. कोणत्या झाडाचं रोजचं रूप कसं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. झाडाखालचं एखादं जुनं पान पिवळं दिसलं की पाहुण्या माणसाला वाटतं, झाड तहानलेलं आहे. मग तो आणखी पाणी घालतो. दुसऱ्याच्या हाती सोपवलेली कुंडीतली झाडं अशीच, जास्त पाण्याने आणि काळजीपोटी जातात. म्हणून चिठ्ठीत प्रत्येक कुंडीबद्दल तीन गोष्टी हव्यात: आज झाड कसं दिसतंय, पाणी हवं आहे हे कसं ओळखायचं, आणि हवं असेल तर किती घालायचं. पहिली गोष्ट फोटो सांगतो, उरलेल्या दोन शब्दांत लिहाव्या लागतात. "गरजेप्रमाणे घाला" किंवा "रोज थोडं थोडं" ही वाक्यं चिठ्ठीत अजिबात नकोत. रोज थोडं घातलेलं पाणी वरच्या दोन इंचांतच मुरतं. खालची मुळं कोरडी राहतात आणि वरून माती मात्र ओली दिसते.

आठवडाभर आधी: जागा आणि नंबर

चिठ्ठी निघायच्या आदल्या रात्री लिहायला बसू नका. आधी कुंड्यांच्या जागा ठरवा. पश्चिमेच्या गॅलरीतल्या ज्या झाडांना सावली चालते ती आत किंवा भिंतीच्या आडोशाला घ्या, म्हणजे त्यांचं पाणी कमी लागेल. पण हे चार-पाच दिवस आधी करा, कारण जागा बदलली की माती सुकायचा वेग बदलतो आणि तो नवा वेग तुम्हाला स्वतःला कळायला हवा. शेवटच्या पंधरवड्यात कुंडी बदलू नका, खत घालू नका, मोठी छाटणी करू नका. त्यानंतर झाड काही दिवस मलूल दिसू शकतं, आणि तो मलूलपणा पाण्यामुळे आहे की कशामुळे, हे काकूंना कळणार नाही.

मग प्रत्येक कुंडीला पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने ठळक नंबर घाला. नंबर झाडांच्या प्रकाराप्रमाणे नकोत. काकू दारातून आत येऊन ज्या वाटेने फिरतील त्या क्रमाने हवेत. शेवटचा नंबर झाला की फेरी संपली. जास्वंद आणि मोगरा यातला फरक फूल नसताना सगळ्यांनाच कळेल असं धरून चालू नका. नंबर मात्र कुणीही वाचू शकतं.

माप: घरातलाच एक मग

मिलीलिटरमध्ये लिहून उपयोग नाही. घरातला एक मग ठरवा, पाण्याच्या लिटरच्या बाटलीने तो एकदा मोजून घ्या आणि चिठ्ठीभर तेच माप वापरा. खाली ज्या चिठ्ठीचं उदाहरण दिलं आहे त्यात निळा मग आहे, काठोकाठ भरला की एक लिटर.

आता प्रत्येक झाडाचं माप काढायचं. कुंडी तहानलेली असेल तेव्हा मगाने सावकाश, चारी बाजूंनी पाणी घाला आणि खालच्या ताटलीत पहिले थेंब पडले की थांबा. तोपर्यंत गेलेलं पाणी हे त्या कुंडीचं माप. ते लगेच लिहून ठेवा. नंतर किती दिवसांनी पुन्हा तहान लागते ते बघा, म्हणजे अंतरही कळेल. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, त्यामुळे त्याच आकाराच्या प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा ती लवकर सुकते. दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतील तर हे काकूंना लिहूनच द्यावं लागतं, नाहीतर दोन्हींना सारखंच पाणी जातं.

एक गोष्ट मोजताना फसवते. कोकोपीट जास्त असलेली माती पूर्ण वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी धरेनाशी होते. घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली येतं. ताटली लगेच भरली म्हणजे कुंडीचं पोट भरलं असं वाटतं, पण आतला गोळा कोरडाच असतो. पाणी घातल्याबरोबर खाली आलं आणि कुंडी उचलून बघितली तर हलकीच लागली, की हेच झालं समजा. अशा वेळी अर्धं माप घालून पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग उरलेलं घालायचं. तरीही मुरत नसेल तर कुंडी अर्ध्या बादली पाण्यात अर्धा तास ठेवायची. ज्या कुंडीत कोकोपीट जास्त आहे तिच्यापुढे "दोन वेळा, मध्ये पंधरा मिनिटं" असं आधीच लिहून टाका.

फोटो

सकाळी सात-आठच्या उजेडात काढा. खिडकी किंवा गॅलरीचं कठडं तुमच्या पाठीशी असू द्या. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत झाड काळं दिसतं आणि पानांचा रंग कळत नाही. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत तर सगळीच पानं आजारी दिसतात.

एका कुंडीचे तीन फोटो पुरतात. पहिला पूर्ण झाडाचा, कुंडीवरचा नंबर दिसेल असा. दुसरा त्या झाडात आधीपासून जे काही बिघडलेलं आहे त्याचा: पिवळी पानं, करपलेल्या कडा, भोकं, कीड. हा फोटो काढायला आपल्याला जिवावर येतं, कारण झाडाचा चांगलाच फोटो द्यावासा वाटतो. पण चिठ्ठीतला सर्वांत कामाचा फोटो हाच. तो नसेल तर काकू दुसऱ्याच दिवशी घाबरून फोन करतील, किंवा न विचारता पाण्याचं माप वाढवतील.

तिसरा फोटो मातीचा, तोही जोडीने: एक पाणी हवं असतानाचा, एक पाणी घातल्यावर तासाभराने. मात्र मेच्या उन्हात मातीचा वरचा थर काही तासांत फिका पडतो आणि खाली ओल तशीच असते, म्हणून नुसत्या रंगावर सोडू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, बाहेर काढा आणि त्या बोटाचा फोटो घ्या. ओल असेल तर मातीचे कण बोटाला चिकटून येतात आणि गारवा लागतो. कोरडी असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं, चिकटलेली धूळ फुंकरीने उडते. हे दोन फोटो शेजारी छापले की "बोट घालून बघा" म्हणजे नेमकं काय बघा, हे सांगायची गरज उरत नाही.

एक चिठ्ठी, नमुन्यादाखल

पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेची गॅलरी, ७ ते १८ मे घर बंद. शेजारच्या काकू सकाळी साडेसातच्या सुमारास येणार. कुंड्या सात. चिठ्ठी काकूंनाच उद्देशून आहे आणि प्रत्येक नंबरावर फोटो चिकटवलेले आहेत.

१. स्नेक प्लांट, हॉलमध्ये टीव्हीशेजारी, ८ इंची प्लॅस्टिकची कुंडी. फोटोत एका पानाचं टोक वाळलेलं दिसतंय, ते जुनंच आहे. काकू, याला आम्ही येईपर्यंत पाणी घालायचं नाही. ६ तारखेला घातलं आहे. माती कोरडी ठक्क दिसली तरी घालू नका.

२. पीस लिली, हॉलच्या खिडकीत, ८ इंची कुंडी. फोटो दोन आहेत. पहिल्यात पानं उभी आहेत. दुसऱ्यात सगळी पानं कुंडीच्या कडेवर लोळली आहेत. झाड मेल्यासारखं दिसतंय, पण ते फक्त तहानलेलं आहे. पाणी घातल्यावर काही तासांत पुन्हा उभं राहतं. साधारण दर तिसऱ्या दिवशी पाऊण मग लागेल. दोन पानांच्या कडा तपकिरी आहेत, त्या तशाच राहणार. लक्षात ठेवायचं ते एवढंच: पानं लोळली आहेत आणि बोटाला माती ओलीही लागते आहे, असं झालं तर पाणी घालू नका, मला फोटो पाठवा.

हे शेवटचं वाक्य प्रत्येक चिठ्ठीत कुठे ना कुठे यायलाच हवं. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि ओल्या मातीतही झाड सुकल्यासारखं मान टाकतं. वरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, फरक फक्त मातीत कळतो. अशा झाडाला आणखी पाणी देणं म्हणजे त्याची शेवटची मुळंही घालवणं. त्याला सावलीत सरकवून माती सुकू देणं एवढंच काकूंच्या हातात आहे.

३. तुळस, गॅलरीच्या दारात, ८ इंची मातीची कुंडी. फोटो सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा, एकाच दिवसाचा. दुपारी पानं मान टाकतात, ऊन उतरल्यावर परत वर येतात. दुपारचं बघून पाणी घालू नका. सकाळीच पानं खाली पडलेली दिसली तर मात्र लगेच घाला. रोज सकाळी अर्धा मग. बुंध्याजवळची पिवळी पानं जुनी आहेत. मंजिऱ्या दिसल्या तर खुडून टाका.

तुळशीचा प्रश्न थोडा वेगळा असतो. बऱ्याच काकू आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालतातच; ते पूजेचं पाणी असतं, झाडाला पाणी घालण्यात त्या ते धरत नाहीत. मग पूजेचं वेगळं आणि चिठ्ठीतलं वेगळं असं दुप्पट पाणी जातं. म्हणून तुमच्या देवघरातला तांब्या मोजून ठेवा आणि सरळ लिहा: "पूजेचा तांब्या घातलात तर तोच अर्धा मग धरा, वेगळं घालायला नको." यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही, उलट काकूंना मोकळं वाटतं.

४. मोगरा, कठड्याशी, १० इंची मातीची कुंडी. सध्या बहरात आहे आणि दुपारनंतर कडक ऊन खातो. रोज सकाळी सव्वा मग, ताटलीत थेंब येईपर्यंत. यात कोकोपीट जास्त आहे, म्हणून दोन वेळा घाला, मध्ये पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं पुढच्या कुंड्या करा आणि परत या. फोटोत वरच्या बाजूच्या तीन पानांच्या कडा करपलेल्या आहेत, त्या उन्हाने. उमललेली फुलं रोज तुम्ही घेऊन जा.

५. जास्वंद, १२ इंची प्लॅस्टिकची कुंडी. रोज दीड मग. जवळून काढलेल्या फोटोत शेंड्याच्या पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात, ते पिठ्या ढेकूण. मी पुसून घेतले आहेत पण दोन-चार पुन्हा येतील. दिसले तर ओल्या फडक्याने पुसा, औषध काही मारू नका. फोटोपेक्षा खूपच जास्त वाटले तर कुंडी मोगऱ्यापासून हातभर लांब सरकवा, कारण ही कीड शेजारच्या झाडावर जाते. एखादी कळी गळली तर चिंता नको. पण रोजच चार-पाच गळायला लागल्या तर पाणी कमी पडतंय असं समजून आधी बोटाने माती बघा.

६. कढीपत्ता, कोपऱ्यात, १४ इंची कुंडी. एक दिवसाआड दीड मग: ८, १०, १२, १४, १६ आणि १८ मे. खालची पिवळी पानं आपोआप गळतात. हवा तेव्हा तोडून न्या, फक्त शेंडा तसाच ठेवा.

७. अडेनियम, पसरट कुंडी. याचं बूड फुगीर आहे आणि त्यात पाणी साठलेलं असतं. दर चौथ्या दिवशी अर्धा मग: १०, १४ आणि १८ मे. फोटोत माझा अंगठा बुडावर दाबलेला आहे. ते असंच टणक लागलं पाहिजे. थोडंसं सुरकुतलेलं लागलं तर तहान आहे, ठरलेल्या दिवशी पाणी मिळालं की भरून येतं. दाबल्यावर मऊ, पिचपिचीत लागलं तर पाणी बंद आणि मला फोन. फांदी तुटली तर चीक येतो. तो विषारी आहे, हाताला लागला तर धुऊन टाका.

वारांऐवजी तारखा मुद्दाम लिहिल्या आहेत. "दर चौथ्या दिवशी" वाचून मागचं पाणी कधी घातलं हे आठवत बसावं लागतं, आणि आठवलं नाही की माणूस पाणी घालून मोकळा होतो. तारखेपुढे टिक करायला चौकोन आखून, दोऱ्याने पेन बांधून ठेवलं की तोही गोंधळ नाही.

सगळ्या कुंड्यांना लागू असलेल्या गोष्टी

या गोष्टी चिठ्ठीच्या सुरुवातीला, वेगळ्या चौकटीत लिहा. प्रत्येक नंबरापुढे पुन्हा पुन्हा नकोत.

पाणी सकाळीच घालायचं. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारनंतर अंगाला चटका देण्याइतकं तापतं आणि ते थेट कुंडीत गेलं तर मुळांना इजा होते. काकूंना संध्याकाळीच जमणार असेल तर सकाळची एक बादली भरून बाथरूममध्ये ठेवा आणि त्यातलंच वापरायला सांगा. बादली रोज रिकामी होऊन नव्याने भरली जाईल एवढं मात्र बघा.

ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकायचं. एकतर मुळं त्यात बुडून राहतात. दुसरं म्हणजे डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो, म्हणजे तुम्ही परत यायच्या आतच. ज्या ताटल्या जड कुंड्यांखालून ओढता येत नाहीत त्या आधीच काढून ठेवा. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकणार असेल तर ताटलीऐवजी कुंडीखाली जाड पोतं दुमडून ठेवलेलं बरं.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात कधी वळीव येतो. पाऊस झाला की बहुतेक जण त्या दिवशीचं पाणी टाळतात, पण गॅलरीत पाऊस तिरपा येतो: कठड्याजवळची जास्वंद भिजते आणि भिंतीकडचा कढीपत्ता कोरडाच राहतो. म्हणून लिहा: पाऊस पडला तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक कुंडीत बोट घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी सोडा.

सोपवताना

चिठ्ठी कागदावर छापून घ्या, अक्षर मोठं ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून गॅलरीच्या दाराला आतून लावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो दोन दिवसांत शुभेच्छांखाली गाडले जातात, आणि ओल्या हातात मोबाइल घेऊन कुणी बघत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये मात्र तेच फोटो नंबरासकट वेगळे ठेवा, म्हणजे काकूंनी मधे फोटो पाठवला की निघतानाचा आणि आत्ताचा शेजारी ठेवून बघता येईल. काकूंनाही सांगा की शंका आली तर फोटो त्याच बाजूने आणि सकाळीच काढा, नाहीतर तुलना करता येत नाही.

निघायच्या एक-दोन दिवस आधी काकूंना बोलवा आणि तुम्ही काहीही न सांगता, फक्त चिठ्ठी वाचून त्यांना एक फेरी करू द्या. त्या जिथे अडतील, विचारतील, तिथे चिठ्ठी कच्ची आहे. मोगऱ्याचं सव्वा मग ओतताना त्यांचा हात थांबला तर तिथे वाक्य वाढवा: "एवढं जास्त वाटेल, पण लागतंच." नळ कसा उघडतो, मग कुठे ठेवलाय, गॅलरीच्या दाराची कडी कशी ओढून घ्यावी लागते, हेही याच फेरीत कळतं.

आणि चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ अशी असू द्या, जिच्यामुळे काकूंवर ओझं राहणार नाही. त्यांच्याकडे पाहुणे येतील, गुडघा दुखेल, एखाद्या दिवशी जमणार नाही. अशा दिवशी काय करायचं ते तुम्हीच ठरवून द्या: "वेळ नसेल तर फक्त ३, ४ आणि ५ ला पाणी घाला, बाकीच्यांना दोन दिवस काही होत नाही. लागोपाठ दोन दिवस येणं होणार नसेल तर या तीन कुंड्या आतल्या खोलीत सावलीला आणून ठेवायला वॉचमनना सांगा. त्यांना कल्पना दिली आहे."

वॉचमनना खरोखर कल्पना देऊन ठेवा.